ओळखीचे खाते आणि अनोळखी हात

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने गेल्या वर्षभरात शाळेच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲपवर एकेक गट तयार झाला. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्या समाजाला अशा गटांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. इंदूरचा विद्यार्थी बंगळुरूला, बडोद्याची विद्यार्थिनी हैदराबादला आणि त्यांना शिकवणारे शिक्षक आणखी तिसऱ्याच गावी, अशी पांगापांग झालेली माणसे या गटांमुळे पुन्हा एका वर्गात बसली. मात्र या गटांतूनच एक विशिष्ट प्रकारची फसवणूक हाताहाती पसरते. ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून अचानक विचित्र संदेश येतो. त्यात कधी एखादा सांकेतिक क्रमांक मागितलेला असतो, तर कधी तातडीचे पैसे. लिहिणारा कोण आहे हे ओळखायचे कसे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रसंग घेऊ. तो कोणा एका व्यक्तीचा नाही. अशा फसवणुकीत जे नेहमी घडते ते एकत्र गुंफून तो मांडला आहे, म्हणून त्यात कोणाचेही नाव नाही.

गणित शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई. वय एकाहत्तर. एका जुन्या तुकडीच्या गटात त्यांना मानाने समाविष्ट केले होते आणि गटात एकशे ऐंशी सदस्य होते. एका रविवारी दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या फोनवर एका माजी विद्यार्थ्याच्या खात्यावरून संदेश आला. नाव तेच, छायाचित्र तेच, क्रमांकही तोच. संदेश हिंदीत होता: ‘मॅडम, मेरा छह अंकों का कोड गलती से आपके नंबर पर चला गया है. जल्दी भेज दीजिए.’ त्याच मिनिटाला फोनवर एक एसएमएस येऊन पडला. त्यात व्हॉट्सॲपचे नाव होते, तीन अंक, मधे एक आडवी रेघ आणि पुन्हा तीन अंक होते. हा कोड कोणालाही देऊ नका, असेही त्याखाली लिहिले होते. बाईंना वाटले, मुलाची काही अडचण दिसते. त्यांनी चष्मा लावून सहाही अंक नीट पाहून पाठवले.

मिनिटभरात त्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले. हा क्रमांक आता या फोनवर नोंदलेला नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचना पडद्यावर दिसू लागली. फोन बिघडला असे समजून त्यांनी तो बाजूला ठेवला. संध्याकाळी भाचा येणार होता, तो बघेल, असा विचार त्यांनी केला.

या दोन-तीन मिनिटांत नेमके काय झाले ते समजून घेतले पाहिजे, कारण ओळखण्याची सारी किल्ली तिथेच आहे. व्हॉट्सॲपचे खाते फोनयंत्राशी जोडलेले नसून मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते. एखाद्या नव्या फोनवर कोणी बाईंचा क्रमांक टाकला, तर हा क्रमांक खरोखर त्याचाच आहे का, हे तपासण्यासाठी कंपनी त्या क्रमांकावर सहा अंकी कोड पाठवते. चोराने आपल्या फोनवर बाईंचा क्रमांक टाकला होता. कोड अर्थातच बाईंच्या फोनवर आला. तो चोराला दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्याने तो मागून घेतला. कोड मिळताच त्याच्या फोनवर बाईंचे खाते सुरू झाले आणि बाईंच्या फोनवरचे बंद पडले. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने संदेश आला, त्याचेही खाते आदल्या दिवशी असेच गेलेले होते.

आता त्या संदेशातले वाक्य पुन्हा पाहा. ‘माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर गेला.’ हे घडूच शकत नाही. जो क्रमांक नोंदवायचा असतो त्याच क्रमांकावर कोड जातो. विद्यार्थ्याने स्वतःचा क्रमांक नोंदवला असता तर कोड त्याच्याच फोनवर गेला असता. बाईंच्या फोनवर आलेला कोड बाईंच्याच खात्याचा असणार, दुसऱ्या कोणाचा असूच शकणार नाही. ज्याला ही एक गोष्ट नीट उमगली, त्याला समोरचा खरा की खोटा याचा शोधही घ्यावा लागत नाही. संदेश खुद्द सख्ख्या भावाने पाठवलेला असला तरी त्यातले विधान खोटे आहे, एवढे त्याला तत्क्षणी कळते. बँकेच्या ओटीपीलाही हाच नियम लागू आहे. आपल्या फोनवर आलेला ओटीपी आपल्याच खात्यावरच्या व्यवहाराचा असतो.

प्रसंगाकडे परत येऊ. चोराच्या हाती बाईंचे खाते आले, पण बाईंचे जुने संभाषण आले नाही. ते त्यांच्या फोनमध्येच राहिले. चोराला मिळाले ते दुसरेच काही. बाई ज्या ज्या गटांत होत्या ते सगळे गट आणि त्यांतल्या प्रत्येक सदस्याचा क्रमांक आता त्याच्या समोर होता. एकशे ऐंशी माणसे, आणि प्रत्येकाच्या मनात बाईंविषयी आदर. त्यातल्या काहींना त्याने तोच ‘कोड चुकून गेला’ हा संदेश पाठवला, म्हणजे पुढची खाती हाती येत राहावीत. काहींना मात्र पैसे मागितले. साखळी अशी वाढते. तुकडीचा गट जितका मोठा आणि जितका जिव्हाळ्याचा, तितका तो चोराला सोयीचा.

सुरतेला कपड्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला अडीच वाजता संदेश आला: ‘बेटा, मैं हॉस्पिटल में हूँ. मेरा यूपीआई चल नहीं रहा. अठारह हज़ार भेज दीजिए, कल लौटा दूँगी.’ खाली पैसे पाठवण्यासाठी एक क्यूआर चित्र होते. शाळेत असताना याच विद्यार्थ्याची परीक्षा फी एकदा बाईंनी भरली होती. त्याने क्षणाचाही विलंब लावला नाही. पैसे पाठवण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर घेणाऱ्याचे नाव आले. ते कोणा तिसऱ्याच पुरुषाचे होते. तेवढ्यात दुसरा संदेश आला, की हा रुग्णालयातल्या हिशेबनिसाचा क्रमांक आहे. शंका मनात येण्याआधीच तिचे उत्तर तयार ठेवलेले होते. अठरा हजार रुपये गेले. वीस मिनिटांनी आणखी बारा हजारांची मागणी आली. तेव्हा मात्र त्याने व्हॉट्सॲपवरून बाईंना फोन लावला. फोन कापला गेला आणि उत्तर आले, ‘यहाँ बात नहीं कर सकती.’

त्याच वेळी तसाच संदेश हैदराबादच्या एका विद्यार्थिनीलाही आला होता. तिने तो दोनदा वाचला आणि ती थांबली. तिच्या थांबण्याचे कारण तांत्रिक नव्हते. बाईंनी शाळेत किंवा शाळेनंतर तिला कधीही ‘बेटा’ म्हटलेले नव्हते. त्या तिला आडनावाने हाक मारत आणि ‘अगं’ म्हणत. ‘भेज दीजिए’ असे आदरार्थी बोलणे तर बाईंकडून संभवतच नव्हते. विद्यार्थ्यांशी त्या मराठीशिवाय बोलत नसत, हा तर त्यांचा परप्रांतातला बाणाच होता.

बाईंनाही दोनच्या संदेशात हीच खूण दिसू शकली असती. त्या शाळेतला कोणताही विद्यार्थी त्यांना ‘मॅडम’ म्हणत नव्हता. मराठी शाळेत शिक्षिका ही ‘बाई’ असते आणि ती माणसे साठीला टेकली तरी ‘बाई’च राहते. घरातही असेच असते. कोण कोणाला ‘अहो’ म्हणतो, कोण ‘ए’ म्हणतो, आत्याला ‘आत्या’ म्हणायचे की ‘आक्का’, हे बाहेरच्याला ठाऊक नसते. एकाच चोराला दिवसभरात शेकडो लोकांना लिहायचे असते. तो सर्वांना चालेल असे एकच वाक्य तयार ठेवतो आणि ‘बेटा’, ‘डिअर’, ‘सर’, ‘मॅडम’ यांपैकी एखादे संबोधन त्याला जोडतो. म्हणून संदेश कशाविषयी आहे हे पाहण्याआधी त्यातली हाक पाहावी. हाक चुकली असेल तर बाकी काही वाचण्याचे कारण उरत नाही.

या खुणेला एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे. हाक चुकली तर संदेश खोटा, हे बहुधा खरे ठरते. पण हाक बरोबर आहे म्हणून संदेश खरा, असे मात्र म्हणता येत नाही. याचे कारण असे, की खाते ताब्यात घेण्याचा दुसराही एक मार्ग आहे आणि त्यात चोराला जुने संभाषण वाचता येते.

व्हॉट्सॲप एकाच वेळी फोनवर आणि संगणकावर चालवता येते. त्यासाठी संगणक फोनशी जोडावा लागतो आणि जोडणीचा एक मार्ग म्हणजे आठ अक्षरांचा कोड. संगणकावर दिसलेला कोड मालकाने स्वतःच्या फोनमध्ये टाकला की जोडणी पूर्ण होते. चोर या सोयीचा असा उपयोग करतो. ओळखीच्या खात्यावरून संदेश येतो, ‘माझी भाची चित्रकला स्पर्धेत आहे, तिला मत द्या,’ आणि खाली एक दुवा असतो. दुवा उघडला की मत नोंदवण्यासाठी मोबाइल क्रमांक विचारला जातो. मग आठ अक्षरांचा कोड दिसतो आणि मत पक्के करण्यासाठी तो व्हॉट्सॲपमध्ये टाका, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याने मत नोंदवले जात नाही, चोराचा संगणक जोडला जातो.

येथे कोडाची दिशा उलटी आहे, हे ध्यानात घ्यावे. पहिल्या प्रकारात कोड आपल्याकडे येतो आणि चोर तो मागतो. दुसऱ्यात कोड चोराकडून येतो आणि तो आपल्या फोनमध्ये टाकायला सांगितले जाते. म्हणून ‘कोड कोणाला देऊ नका’ एवढेच शिकलेला माणूस दुसऱ्या प्रकारात सहज सापडतो, कारण त्याने कोणाला काही दिलेलेच नसते. शिवाय या प्रकारात फोन बंद पडत नाही. सगळे पूर्वीसारखे चालू राहते आणि चोर मागे बसून वाचत असतो. मुलगा आईला काय म्हणतो, मराठीत लिहितो की हिंदीत, गेल्या आठवड्यात कोण आजारी होते, हे सारे त्याला कळते. मग तो ‘अगं आई’ असेही लिहू शकतो.

हे तपासण्याची जागा फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲपच्या मेनूमध्ये Linked devices असे लिहिलेले असते. ते उघडले की या खात्याशी आणखी कोणकोणते संगणक वा यंत्रे जोडलेली आहेत त्यांची यादी दिसते आणि ती शेवटी कधी वापरली गेली हेही दिसते. ज्याने कधी संगणकावर व्हॉट्सॲप वापरलेच नाही, त्याची यादी रिकामी असायला हवी. तिथे अनोळखी नाव दिसले तर त्यावर बोट ठेवून Log out करावे. जोडणी तिथल्या तिथे तुटते. महिन्यातून एकदा ही यादी पाहायला अर्धे मिनिट पुरते.

आणखी एक खूण पडद्यावर दिसते. सेटिंग्जमधील सुरक्षेच्या सूचना चालू ठेवल्या असतील, तर समोरच्याचे खाते नव्या फोनवर नोंदले गेल्यावर संभाषणात एक लहानशी ओळ येते, की या व्यक्तीशी असलेला तुमचा सुरक्षा कोड बदलला आहे. नवा फोन घेतला तरी ही ओळ येते, म्हणून तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. परंतु ही ओळ येते आणि पाठोपाठ पैशांची वा कोडाची मागणी येते, असे दोन्ही एकत्र घडले तर तो योगायोग समजू नये.

मग पक्की खात्री कशाने होते? हैदराबादच्या विद्यार्थिनीने जे केले त्याने. तिने व्हॉट्सॲप बाजूला ठेवले आणि फोनच्या साध्या डायलवरून बाईंचा क्रमांक लावला. दोन्हीतला फरक मोठा आहे. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल ज्याच्या हाती खाते आहे त्याच्याकडे जातो, म्हणून सुरतेच्या विद्यार्थ्याचा कॉल चोराने कापला. साधा कॉल सिमकार्ड ज्या फोनमध्ये आहे तिथे जातो आणि सिम बाईंकडेच होते. ज्या वाटेने संशयास्पद मागणी आली, त्याच वाटेवर खात्री करता येत नाही. तिथे उत्तर देणाराही तोच असतो. खात्रीसाठी वाट बदलावी लागते.

बाईंनी फोन उचलला तेव्हा त्या मोसंबी सोलत बसल्या होत्या. रुग्णालयाचे नाव ऐकून त्या घाबरल्या नाहीत, उलट चिडल्या. ‘मी पैसे मागितले? अगं, मी कधी कोणाकडे खडू मागितला नाही.’

येथेही एक अपवाद सांगितला पाहिजे. काही वेळा चोर आधी दुसऱ्याच बहाण्याने एखादा चांदणीने सुरू होणारा क्रमांक डायल करायला लावतो आणि त्यामुळे त्या माणसाचे साधे कॉलसुद्धा चोराच्या फोनकडे वळवले जातात. म्हणून साधा फोन लागला नाही, किंवा भलत्याच आवाजाने उचलला, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला, शेजाऱ्याला किंवा त्याच गावातल्या वर्गमित्राला फोन करावा. खात्री होईपर्यंत पैसे थांबवल्याने काही बिघडत नाही. खरोखर रुग्णालयात असलेल्या माणसाजवळ बहुधा कोणी ना कोणी असते आणि ते फोनवर बोलू शकते.

हैदराबादच्या विद्यार्थिनीने त्यानंतर तीन गोष्टी केल्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा होता. पहिली म्हणजे तिने गटाच्या ॲडमिनला फोन करून बाईंचा क्रमांक गटातून तात्पुरता काढायला लावला आणि गटावर सूचना टाकली. चोर गटात असताना सूचना टाकली असती तर ‘मीच बोलते आहे, ती सूचना खोटी आहे’ असे त्याने बाईंच्याच नावाने लिहिले असते.

दुसरी, तिने बाईंकडून त्यांचे खाते परत मिळवून घेतले. बाईंनी व्हॉट्सॲप उघडून आपला क्रमांक टाकला आणि नवा सहा अंकी कोड मागवला. विद्यार्थिनी फोनवर त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘बाई, आकडे मला सांगू नका. फक्त तुमच्या फोनमध्ये घाला.’ कोड टाकताच चोर त्या खात्यातून बाहेर फेकला गेला. परंतु पडद्यावर आणखी एक पिन मागितला गेला, जो बाईंना ठाऊक नव्हता. चोराने खाते घेतल्याबरोबर त्यावर स्वतःचा पिन बसवून ठेवला होता. अशा वेळी मूळ मालकाला सात दिवस थांबावे लागते, त्यानंतर त्या पिनशिवाय खाते उघडते. सात दिवस बाईंना व्हॉट्सॲप वापरता आले नाही, पण चोरालाही ते वापरता आले नाही, आणि त्या दिवशी तेच महत्त्वाचे होते. चोर मुद्दाम अनेकदा कोड मागवतो किंवा चुकीचे अंक टाकतो, त्यामुळे काही वेळा नवा कोड मिळायला काही तास लागतात. तेव्हा घाबरून जाऊ नये आणि पडद्यावर दिसणारी वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये.

हा पिन आधीच आपण स्वतः बसवलेला असेल तर चोराची गाठ दुसऱ्या कुलपाशी पडते. सेटिंग्जमध्ये Account आणि त्यात Two-step verification येथे स्वतःच्या मनाचा सहा अंकी पिन ठेवता येतो. बाईंनी दुपारी दोन वाजता एसएमएसमधला कोड पाठवला असता, तरीही हा पिन नसल्यामुळे चोराला आत जाता आले नसते. पिन विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून तिथेच आपला ईमेल पत्ताही नोंदवून ठेवावा. जन्मतारीख किंवा सलग आकडे पिन म्हणून ठेवू नयेत आणि पिन कोणालाही, अगदी ‘कंपनीतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे गटावर तिने विचारले, की कोणी पैसे पाठवले आहेत का. कोणीच उत्तर दिले नाही.

या प्रसंगातला सर्वांत दुःखद भाग तो आहे. सुरतेच्या विद्यार्थ्याने ती सूचना वाचली होती. तिच्यामुळेच त्याचे पुढचे बारा हजार वाचले. पण गेलेल्या अठरा हजारांविषयी तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही. रोज हिशेब करणारा आपल्यासारखा माणूस फसला, ही एक लाज. आणि दुसरे म्हणजे बाईंना कळले तर त्यांच्या जिवाला लागेल, ही काळजी. चौथ्या दिवशी पत्नीच्या आग्रहावरून त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तोपर्यंत ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून पुढे निघून गेली होती.

१९३० हा केंद्र शासनाचा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक असून तो देशभर एकच आहे. गुजरातेत राहणाऱ्याने, तेलंगणात राहणाऱ्याने वा मध्य प्रदेशात राहणाऱ्याने वेगळा क्रमांक शोधण्याची गरज नाही. cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवले जाते आणि रक्कम अजून त्या खात्यात असेल तर ती गोठवता येते. सारे काही त्या ‘अजून’ या शब्दावर अवलंबून आहे. चोर पैसे फार वेळ एका खात्यात ठेवत नाही, म्हणून पहिल्या तासातल्या तक्रारीला जे मोल असते ते चौथ्या दिवशीच्या तक्रारीला उरत नाही. तक्रारीच्या वेळी व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता लागतो. हे सगळे यूपीआयच्या व्यवहार-इतिहासात सापडते. संतापाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत. त्यांची पडद्यावरची छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवावे.

बाईंना अठरा हजारांची गोष्ट शेवटी कळलीच. त्या विद्यार्थ्यावर रागावल्या त्या पैशांसाठी नव्हे. त्यांनी त्याला विचारले, ‘अरे, मला एक साधा फोन का नाही केलास?’ त्याचे उत्तर या खोलीत बसलेल्या पुष्कळांना आपले वाटेल. तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही अडचणीत आहात असं वाचलं. खरंच तुम्हीच का, असं तुम्हाला कसं विचारणार?’

चोराचा धंदा नेमका या संकोचावर चालतो. मराठी घरांत वडीलधाऱ्यांच्या शब्दावर उलट प्रश्न विचारणे अपमानाचे मानले जाते. गुरूने काही मागितले तर चौकशी न करता देणे हेच शोभते, असे आपल्यावर बिंबवलेले असते. चोराला मराठी येत नसेल, पण मोठ्या माणसाच्या नावाने मागितले की लोक विचारत नाहीत, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो गटातल्या सर्वांत मानाच्या माणसाच्या खात्यामागे लागतो. हा संकोच दूर करण्याचे काम धाकट्यांना एकट्याने जमणार नाही. ते थोरांनीच आपण होऊन केले पाहिजे.

बाईंनी ते केले. सात दिवसांनी खाते परत मिळाल्यावर त्यांनी गटावर चार ओळी लिहिल्या, त्या अशा: ‘मी यापुढे या गटावर कोणाकडे पैसे मागणार नाही, कोड मागणार नाही. माझ्या नावाने कोणी मागितले तर मला फोन करा, रात्री दोन वाजता सुद्धा. मला राग येणार नाही. फोन न करता पैसे पाठवलेत तर मात्र येईल.’ त्याच दिवशी त्यांनी आपल्या फोनवर पिन बसवला, आणि तो गणिताच्या बाईंना शोभेल असा, कोणत्याही तारखेशी न जुळणारा होता.

शाळेच्या प्रत्येक तुकडीच्या गटावर, आणि प्रत्येक कुटुंबाच्या गटावर, असा एक संदेश ज्येष्ठांनी आजच, आपापल्या शब्दांत लिहून ठेवावा, एवढी विनंती आहे. या मेळाव्याच्या दारापाशी इयत्ता नववीचे विद्यार्थी बसले आहेत. ज्यांना पिन बसवण्यासाठी वा जोडलेल्या यंत्रांची यादी पाहण्यासाठी साहाय्य हवे असेल, त्यांना ते मार्ग दाखवतील. पिनचे आकडे मात्र ज्याचे त्याने स्वतः टाकायचे आहेत. त्या वेळी मान दुसरीकडे वळवण्यास मुलांना सांगितलेले आहे.